पातं नवं, मशीन जुनं

मानेवर, केस संपतात तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा लालसर गोल उठला होता. कडा थोडी उंचावलेली, मधली जागा जवळजवळ साधी आणि खाज अशी की मीटिंगमध्ये हात आवरत नव्हता. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "कटिंग कुठे करता?"

मी ओशाळलो. "रस्त्यावर. पिंपळाखाली एक मामा बसतात त्यांच्याकडे."

"शेवटची कटिंगही तिथेच?"

मग आठवलं. भाचीच्या साखरपुड्यासाठी म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मी मुद्दाम एका एसी सलूनमध्ये गेलो होतो. गुबगुबीत खुर्ची, आरशाभोवती दिवे, लिंबाच्या वासाचा गरम नॅपकिन आणि चारशे रुपयांचं बिल. "मागे मशीन लावलं होतं?" बाईंनी विचारलं. लावलं होतं. त्यांनी केसपेपरवर नायट्याचं नाव लिहिलं, मलम लिहिलं आणि मेडिकलमधली खाजेची कुठलीही आयती ट्यूब परस्पर लावायची नाही, अशी ताकीद दिली. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो. उठताना त्या म्हणाल्या, "दुकान कसं दिसतं ते सोडा. तुमच्या कातडीला काय काय लागलं आणि तुमच्याआधी ते कोणाला लागलं होतं, ते बघत जा."

माझा नायटा त्या सलूनमधूनच आला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तो बसमधल्या सीटच्या पाठीवरूनही आला असेल. पण त्या दिवसापासून मी दोन्हीकडच्या खुर्च्यांमध्ये बाईंचं ते वाक्य मनात ठेवून बसू लागलो, आणि स्वस्त म्हणजे घाण, महाग म्हणजे स्वच्छ हे माझं गणित चुकलेलं निघालं.

अर्धं पातं

आधी मामांकडची दाढी बघू. लाकडी खुर्ची, झाडाला खिळ्यावर टांगलेला आरसा, स्टीलच्या वाटीत पाणी, साबणाची वडी, ब्रश, तुरटी. मी बसलो की मामा कागदात गुंडाळलेलं नवं पातं काढतात, कागदासकट मधोमध वाकवतात, कट्ट असा आवाज होतो आणि पात्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा वस्तऱ्यात, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकासाठी डबीत. एका पात्यात दोन दाढ्या. नव्या अर्ध्या तुकड्याचा खर्च दीड-दोन रुपये आणि दाढीचे घेतात चाळीस. म्हणजे इथे काटकसर करण्यात मामांना फारसा फायदा नाही.

ही पद्धत आपल्याकडे आपसूक आली नाही. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत एकच पोलादी वस्तरा असायचा. तो चामड्याच्या पट्ट्यावर घासून सगळ्यांना चालायचा. ऐंशीच्या दशकाची अखेर आणि नव्वदचं दशक, या काळात एड्सची धास्ती पसरली, तसं गिऱ्हाईक "पातं बदला" म्हणू लागलं आणि अर्ध्या पात्याचा वस्तरा सगळीकडे रुळला. गंमत अशी की ज्याच्या भीतीने हे घडलं, तो एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार नाजूक असतो. वस्तऱ्याच्या बाबतीत खरी काळजी करावी ती हेपॅटायटिस 'बी'ची, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळीची. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तात, उघड्या पृष्ठभागावर सात दिवससुद्धा तग धरतो, आणि त्यासाठी लागणारं रक्त इतकं थोडं की ते डोळ्यांना दिसतही नाही. पातं बदलण्याचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढतं.

पण एवढी चांगली सवय जिथे निसटते, ती जागा मला बरेच दिवस दिसली नव्हती. दाढीला बसलं की आपण नवं पातं मागतो. कटिंगला बसलं की मागत नाही, कारण आपल्या लेखी वस्तरा लागणारच नसतो. प्रत्यक्षात कटिंगच्या शेवटी कल्ले सरळ करायला आणि मानेवरची रेघ काढायला वस्तरा लागतोच, आणि "एवढ्याशा कामाला" आधीच्या माणसाच्या दाढीचं पातं चालून जातं. मामांनाही मी त्याच क्षणी पकडलं. ते म्हणाले, "आत्ताच घातलंय साहेब, एकच दाढी झालीय त्याच्यावर." त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. एका दाढीने धार जरा मऊ होते, असं अनेक जुन्या कारागिरांचं मत असतं. त्यांच्यासाठी ते चांगलं पातं होतं. माझ्यासाठी ते दुसऱ्याचं पातं होतं.

दुसरी गोष्ट वस्तऱ्याच्या खाचेची. पातं बदललं तरी ज्या पट्टीत ते बसतं, तिच्यात आधीचा फेस, बारीक केस आणि कधी रक्त अडकून राहतं. जुना तुकडा काढल्यावर खाच पुसून, तिच्यावर स्पिरिट मारून मगच नवा तुकडा बसवला, तर ते पातं खऱ्या अर्थाने नवं. हे रस्त्यावर क्वचित घडतं. सलूनमध्येही मी ते फारदा पाहिलेलं नाही.

आणि तुरटी. कापलेल्या जागी ती कातडी आकसवते, रक्त थांबतं. त्यामुळे ती औषधी आहे, म्हणजे स्वच्छही आहे, असा आपला समज. पण दिवसभर एकच वडी चाळीस गालांवरून, तीही नेमकी कापलेल्या जागेवरून फिरते. तुरटीने काविळीचा विषाणू मरेल, असा भरवसा धरता येत नाही. "तुरटी नको" म्हणावं, किंवा लिंबाएवढा खडा घरून न्यावा.

मशीनचं कोण विचारतं?

आता सलून. तिथेही नवं पातं निघतं, छानशा पाकिटातून. हात धुतलेले असतात, नॅपकिन वाफाळता असतो. पण आजकाल पुरुषांच्या कटिंगचं निम्मं काम कात्री नव्हे, मशीन करतं, आणि मशीनचं पातं कोणी बदलत नाही. तेच पातं सकाळपासून रात्रीपर्यंत डोक्यामागून डोकं फिरतं.

मशीनला प्लॅस्टिकचा कंगवा, म्हणजे गार्ड, लावलेला असला की धातूचे दात कातडीपासून थोडे दूर राहतात. एक नंबरला साधारण तीन मिलिमीटर, दोन नंबरला सहा. झिरो मशीन म्हणजे गार्ड काढून उघडे दात थेट कातडीवर. मानेवर ते जोराने दाबलं, की डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. आधीच्या माणसाच्या मानेवर नायटा असेल तर त्याचे केसांचे तुकडे आणि खपल्या दातांच्या फटीत असतातच. बी आणि नांगरट एकदम.

सलूनमध्ये मी विचारलं, "मशीन साफ करता का?" मुलाने हसून काचेच्या कपाटाकडे बोट केलं. आत निळा दिवा होता. "स्टरलायझर आहे सर." असं कपाट तुम्हीही पाहिलं असेल. जंतू मारणारा अतिनील प्रकाश खरा असतो, पण तो जिथे थेट पडतो तिथेच काम करतो. कंगव्याच्या दातांमधली सावली, मशीनची खालची बाजू, तेलाचा थर, अडकलेला केस, या सगळ्यांच्या मागे जंतू सुखाने राहतात. शिवाय प्रत्येक निळा दिवा त्या कामाचा असतोच असंही नाही. न धुतलेली वस्तू त्या कपाटात ठेवणं म्हणजे खरकटं ताट उन्हात ठेवून घासलं म्हणण्यासारखं आहे.

आरशासमोरच्या निळ्या पाण्याच्या बरणीचंही तेच. आतलं द्रावण योग्य प्रमाणाचं, रोज बदललेलं असेल, कंगवा आधी धुऊन केस काढून बुडवला असेल आणि पूर्ण बुडालेला दहा मिनिटं राहिला असेल, तर ती बरणी उत्तम. ओळखायचं कसं? कंगवे मोजावेत. एका कारागिराकडे एकच कंगवा असेल आणि तो बरणीतून निघून दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये पुन्हा तिच्यात जात असेल, तर दहा मिनिटं कधीच पूर्ण होत नाहीत. तीन-चार कंगवे आळीपाळीने वापरले जात असतील आणि पाण्याच्या तळाशी केस तरंगत नसतील, तर दुकान काळजी घेतं.

मशीनसाठी करायचं ते इतकं साधं आहे, की न करण्याचं कारण आळस एवढंच उरतं. छोट्या ब्रशने दातांमधले केस झाडायचे, सत्तर टक्क्यांचं स्पिरिट फवारायचं, ते आपोआप वाळेपर्यंत थांबायचं आणि तेलाचा एक थेंब सोडायचा. दोन मिनिटांचं काम. हा क्रम महत्त्वाचा: केस न झाडता फवारलं तर स्पिरिट केसांवर पडतं, दातांपर्यंत पोचत नाही.

पाणी आणि नजर

मग दोघांत खरा फरक कशाचा? माझ्या मते पाण्याचा. मामांकडे नळ नाही. सकाळी भरून आणलेली पाच लिटरची कॅन दिवसभर पुरवायची असते. ब्रश त्याच वाटीत बुडतो, वस्तरा तळहाताला नाहीतर कागदाला पुसला जातो, टॉवेल एकच आणि तो झाडाच्या फांदीवर वाळतो. मामा मनाने कितीही स्वच्छ असोत, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये साबणाने हात धुणं त्यांना परवडत नाही. बिनपाण्याने करणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, इथे तो अक्षरशः खरा ठरतो. ब्रशचं ओझं टाळायचा सोपा उपाय म्हणजे घरून आपला ब्रश किंवा ट्यूबमधलं क्रीम नेणं, आणि हातरुमालाऐवजी एक छोटा टॉवेल.

सलूनकडे पाणी आहे, वीज आहे, हत्यारांचे जास्तीचे संच असू शकतात. पण तिथे नजर पोचत नाही. पातं ट्रॉलीच्या मागे बदललं जातं, नॅपकिन आतल्या खोलीतून येतो, अंगावरचा काळा एप्रन दिवसात किती मानांभोवती बांधला गेला हे कळत नाही. चांगली सलून मानेभोवती आधी कागदी पट्टी गुंडाळतात, म्हणजे एप्रन कातडीला लागत नाही. ती पट्टी नसेल तर मागावी, किंवा कागदी रुमाल खोचायला सांगावा.

थोडक्यात, रस्त्यावर सगळं दिसतं पण धुतलं जात नाही, आणि सलूनमध्ये धुता येतं पण धुतलं की नाही ते दिसत नाही. पहिल्या ठिकाणी आपण वस्तू न्यायच्या, दुसऱ्या ठिकाणी प्रश्न न्यायचे.

एक काम मात्र खुर्चीत बसण्याआधीच करून ठेवता येतं. हेपॅटायटिस 'बी'ची लस. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ चा सुमार उजाडला, त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. मोठ्यांसाठी तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. मामांना तर ती माझ्याहून जास्त गरजेची, कारण रोज तीस लोकांच्या रक्ताजवळ त्यांची बोटं असतात.

हात

कसब कोणाकडे जास्त, याचं उत्तर कामावर अवलंबून आहे. मामांचा हात कंगव्यावर कात्री चालवण्यात मुरलेला. डाव्या हातात कंगवा केसांत सरकत वर जातो आणि त्याच्या कडेवर कात्री न थांबता कचकचत राहते. असे कापलेले केस कानापासून वर एकसारखे चढत जातात, पायऱ्या दिसत नाहीत. दाढीतही तसंच. आधी दोन-तीन मिनिटं पाणी आणि फेस मुरू देणं, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणं, वस्तरा आडवा पाडून, साधारण तीस अंशांवर ठेवणं आणि पहिला हात केसांच्या दिशेने फिरवणं. उलटा हात फिरवला की गाल गुळगुळीत होतो खरा, पण कुरळ्या दाढीचे केस कातडीखाली तुटून आतच वाढतात आणि चार दिवसांनी पुळ्या येतात. मामा आपणहून विचारतात, "उलटी फिरवू का नको?" हा प्रश्न विचारणारा माणूस जाणकार.

सलूनमधल्या मुलाचा हात फेडमध्ये, म्हणजे कानाजवळ झिरोपासून वर हळूहळू दाट होत जाणाऱ्या कटमध्ये, तयार होता. ते मामांना जमत नाही. त्यांनी प्रयत्न केला तर 'मिल्ट्री' होते. लांब केस, थर पाडून कापणं, रंग लावणं, हीसुद्धा सलूनची कामं. रंगाला तर भरपूर पाणी लागतं आणि आधी अठ्ठेचाळीस तास कानामागे चाचणी लागते, कारण काळ्या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी चेहरा सुजवू शकते. चाचणीचं नावही न काढता रंग लावायला घेणारं सलून कितीही चकचकीत असो, उठावं.

नवा कारागीर ओळखायच्या माझ्या दोन खुणा आहेत. पहिली, कात्री उचलण्याआधी तो डोक्यामागचा भोवरा बघतो का. भोवऱ्याजवळचे केस फार आखूड कापले की ते शेंडीसारखे उभे राहतात. दुसरी, कल्ले कापून झाल्यावर तो बाजूला उभा राहून ठरवतो की समोर येऊन. कान सगळ्यांचेच थोडे खाली-वर असतात, त्यामुळे कानाच्या मापाने कापलेले कल्ले हमखास वाकडे होतात.

हिशेब

मामांकडे कटिंगचे ऐंशी रुपये. सलूनमध्ये चारशे आणि त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे चारशे वीस. हा कर सप्टेंबर २०२५ पर्यंत अठरा टक्के होता. जुन्याच दराने आकारलेला दिसला तर बिल परत करावं.

पण एका कटिंगचा भाव बघणं फसवं आहे. कटिंग टिकते किती, ते बघायला हवं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तीन आठवड्यांत सात मिलिमीटर. फेडमध्ये कानाजवळचे केस तीन मिलिमीटरचे असतील तर तीन आठवड्यांत ते दहाचे होतात, तिपटीहून जास्त, आणि सगळी नक्षी पुसली जाते. मामा कात्रीने बाजूचे केस अडीच सेंटिमीटर ठेवतात. तेवढ्याच काळात ते सव्वातीनच्या आत राहतात, म्हणून ती कटिंग पाच आठवडे अंगाबाहेर वाटत नाही. फेड ठेवायची तर वर्षाला सतरा खेपा, म्हणजे सात हजार एकशे चाळीस रुपये. कात्रीची कटिंग दहा खेपांत भागते, मामांकडे आठशे रुपये, आणि तीच सलूनमध्ये केली तर चार हजार दोनशे. खर्च दुकान ठरवतं त्याहून आपण कुठली कटिंग निवडतो ते जास्त ठरवतं.

बिलावर न दिसणारे खर्चही धरावेत. सलूनमध्ये एप्रन बांधल्याबरोबर "सर, डँड्रफ खूप आहे" ऐकू येतं आणि बाराशेचा स्पा सुचवला जातो. साध्या कोंड्याला मेडिकलमधला किटोकोनॅझोलचा शाम्पू पुरतो, तोही आठवड्यातून दोनदा. रस्त्यावर वेगळा धोका, तो फुकट मिळतो. चंपी झाली की हनुवटी धरून मान कडाकड मोडून देतात. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्याने फाटू शकतात. चंपी घ्यावी, मान मोडू देऊ नये, सलूनमध्येही नाही.

नायटा बरा झाला. मी मामांकडेच परत गेलो, पण आता सोबत एक कापडी पिशवी असते: कंगवा, छोटा टॉवेल, पात्यांचं पाकीट, तुरटीचा खडा आणि स्पिरिटची फवाऱ्याची बाटली. पहिल्या दिवशी मामांना ते लागलं असावं. काही न बोलता त्यांनी वस्तऱ्याची खाच पुसली, मी बाटली पुढे केली, त्यांनी फवारा मारला. पुढच्या वेळी बाटली त्यांनीच मागितली, आणि माझ्यानंतर बसलेल्या रिक्षावाल्यासाठीही वापरली. मी ती तिथेच ठेवून निघालो, तेव्हा माझ्या पिशवीकडे बघून मामा हसले.

"आता तुमचीबी धोकटी झाली म्हणायची."